रेंज नसताना घेतलेली ऑर्डर आणि साठ्याचा आकडा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फिरतीवरच्या विक्री प्रतिनिधींसाठी ईआरपीचं, म्हणजे कंपनीचा साठा, ऑर्डरी आणि हिशेब एकत्र सांभाळणाऱ्या प्रणालीचं, मोबाइल ॲप सुरू झालं की पहिल्या महिन्यात येणारे प्रश्न बहुतेक एकाच मुद्द्याभोवती फिरतात: रेंज नव्हती तेव्हा ॲपने जे दाखवलं आणि रेंज आल्यावर जे घडलं, ते जुळत का नाही? खालची उत्तरं प्रतिनिधी आणि ऑर्डर विभाग दोघांसाठी आहेत. ॲपनुसार बटणांची नावं वेगळी असतील, पण आतला कारभार सगळीकडे जवळपास असाच चालतो.

## रेंज नसताना ॲपमध्ये दिसणारा साठा खरा असतो का?

फोनने कंपनीच्या सर्व्हरशी माहिती शेवटची जुळवून घेतली, म्हणजे सिंक झालं, त्या क्षणी तो खरा होता. ॲप फोनमध्ये एक छोटा डेटाबेस ठेवतं (बहुतेक वेळा एसक्यूलाइट), त्यात ग्राहकांची यादी, मालाची यादी, दर आणि साठ्याचे आकडे उतरवून घेतलेले असतात. रेंज गेली की ॲप त्यातूनच वाचतं. तुम्ही स्वतः ऑर्डर घेतली तर ती संख्या आकड्यातून वजा होते. इतरांनी काय विकलं, गोदामात किती नवा माल उतरला, तुटका म्हणून किती बाजूला काढला, हे फोनला कळायला मार्ग नसतो.

म्हणून साठ्याच्या आकड्याशेजारी "९:१० पर्यंत" अशी वेळ दिसलीच पाहिजे. ज्या ॲपमध्ये ती दिसत नाही, तिथे प्रतिनिधी सकाळचा आकडा संध्याकाळी ठामपणे सांगून मोकळा होतो. वेळ दाखवणं ही छोटीशी सोय आहे, पण आमच्या अनुभवात ग्राहकाशी होणारे वाद सगळ्यात जास्त तिनेच कमी होतात.

## गोदामात माल आहे, तरी ॲप "उपलब्ध नाही" का म्हणतं?

गोदामात असलेला माल आणि विकायला मोकळा असलेला माल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कुणाची तरी ऑर्डर पक्की झाली, पण गाडी अजून भरली नाही, तर तो माल फळीवर असतो आणि तरीही तुमचा नसतो. त्याला राखीव साठा म्हणतात. हिशेब असा:

```
उपलब्ध = गोदामातला साठा - राखीव साठा
```

काही कंपन्या वाटेत असलेला, म्हणजे खरेदी होऊन यायचा असलेला मालही यात धरतात. तसं करायचं असेल तर तो आकडा वेगळ्या रकान्यात आणि येण्याच्या तारखेसकट दाखवावा. दोन्ही एकत्र मिसळले की प्रतिनिधी आज न मिळणारा माल आजच्या बोलीवर विकतो.

आणखी एक सापळा एककाचा. गोदाम नगात मोजतं, प्रतिनिधी बॉक्समध्ये विकतो. एका बॉक्समध्ये २४ नग असतील आणि उपलब्ध १०० नग असतील, तर ॲपने ४ बॉक्स आणि ४ सुटे नग असं दाखवायला हवं. नुसतं १०० दाखवलं, की कुणीतरी १०० बॉक्स समजतोच.

## दोघांनी एकच माल विकला तर तो कोणाला मिळतो?

एक दिवस पूर्ण मांडून बघू. सकाळी ९:१० ला एका वस्तूचे गोदामात १२० बॉक्स आहेत, त्यातले ३० राखीव. म्हणजे उपलब्ध ९०. दोन प्रतिनिधी सिंक करून बाहेर पडतात. पहिल्याचा पट्टा असा, की दिवसभर रेंज नाही. दुसऱ्याला रेंज आहे.

१०:३० ला पहिला ४० बॉक्सची ऑर्डर घेतो. त्याच्या फोनवर ९० चे ५० होतात. ११:०० ला दुसरा ६० बॉक्सची ऑर्डर घेतो, ती लगेच सर्व्हरवर जाते आणि पक्की होते. सर्व्हरवर आता ३० उरले, पण पहिल्याचा फोन अजून ५० च दाखवतोय. १२:०० ला पहिला दुसऱ्या ग्राहकाकडून ३५ ची ऑर्डर घेतो. फोनवर १५ उरतात. त्याच्या दृष्टीने सगळं सुरळीत आहे.

४:२० ला तो रेंजमध्ये येतो आणि दोन ऑर्डरी सर्व्हरवर पोचतात. एकूण मागणी ७५, शिल्लक ३०. यापुढे काय होईल ते ऑर्डर घेताना विचारलेल्या एका प्रश्नावर ठरतं: माल कमी पडला तर जेवढा आहे तेवढा पाठवायचा, की सगळा एकदम मिळाला तरच पाठवायचा?

पहिल्या ग्राहकाने "जेवढा आहे तेवढा" म्हटलं असेल, तर त्याचे ३० पक्के होतात, १० बाकी राहतात आणि दुसऱ्या ग्राहकाचे ३५ च्या ३५ बाकी राहतात. दोघांनीही "सगळा एकदम" म्हटलं असेल, तर एकही ऑर्डर पक्की होत नाही आणि ३० बॉक्स मोकळेच राहतात. हा दुसरा निकाल ऑर्डर विभागाला विचित्र वाटतो, पण तो बरोबर आहे. अर्धा माल नको म्हणणाऱ्याला अर्धा माल पाठवला तर तो परत येतो.

ॲपमधून सर्व्हरकडे जाणाऱ्या नोंदीत म्हणूनच निदान इतकं तरी हवं:

```json
{
  "order_uuid": "7c1e4b52-93d0-4f6a-a8e7-2b5d60f1c934",
  "device_time": "10:30",
  "stock_seen_at": "09:10",
  "qty": 40,
  "unit": "BOX",
  "if_short": "PARTIAL"
}
```

`stock_seen_at` म्हणजे प्रतिनिधीने आकडा बघितला तेव्हा तो किती वाजेपर्यंतचा होता. नंतर "तू असा शब्द दिलाच कसा" हा वाद निघतो, तेव्हा ही एक ओळ प्रतिनिधीची बाजू मांडते.

## माझी ऑर्डर १०:३० ची, त्याची ११ ची. मग माल त्याला का?

हा प्रश्न रागाने विचारला जातो आणि राग समजण्यासारखा आहे. तरीही क्रम सर्व्हरवर पोचण्याच्या वेळेनेच लावावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. त्यामागे दोन कारणं.

पहिलं, ११ वाजता दुसऱ्या प्रतिनिधीच्या ग्राहकाला "पक्की" असं उत्तर गेलेलं आहे. कदाचित माल गाडीतही चढला असेल. ४:२० ला आलेल्या ऑर्डरीसाठी तो उतरवायचा म्हणजे एकाला खूश करण्यासाठी दुसऱ्याला दिलेला शब्द मोडायचा.

दुसरं, फोनचं घड्याळ कोणीही सेटिंगमध्ये जाऊन मागे करू शकतो. नकळतही ते चुकतं. फोनच्या वेळेवर माल मिळायला लागला, की काही दिवसांत सगळ्यांच्या ऑर्डरी सकाळी ८ च्या निघतात. फोनची वेळ नोंदीत ठेवावी, भेट कधी झाली ते कळायला उपयोगी पडते, पण मालाचा निवाडा तिच्यावर करू नये.

## मग सकाळीच माल वाटून देता येत नाही का?

येतो. याला वाटा पद्धत म्हणा. वरच्या उदाहरणात ९० पैकी ४५ एकाला, ४५ दुसऱ्याला. प्रत्येकाने आपल्या वाट्यात विकलं, की रेंज असो वा नसो, शब्द खोटा ठरत नाही. त्या दिवशी पहिल्याचे ४० पक्के झाले असते आणि १२ वाजताच त्याला दिसलं असतं, की ३५ च्या ऑर्डरीसाठी आपल्याकडे ५ च आहेत.

पण याची किंमत दुसऱ्याने मोजली असती. त्याच्याकडे ६० चा ग्राहक होता आणि वाटा ४५ चा. सगळ्याच मालाला वाटा लावला, तर एकाचा माल पडून राहतो आणि दुसऱ्याला ग्राहक परत पाठवावा लागतो. म्हणून वाटा फक्त टंचाईच्या वस्तूंना लावावा आणि दुपारनंतर न विकलेला वाटा सामाईक साठ्यात परत यावा. परत घेतानाही एक अडचण आहेच: रेंज नसलेल्या फोनला वाटा काढून घेतल्याचं कळत नाही. म्हणून वाट्याला मुदत देतात, "२ वाजेपर्यंत ४५". दोन वाजले की फोन स्वतःच तो वाटा बंद करतो. इथे मात्र फोनच्या घड्याळावर थोडा विश्वास ठेवावाच लागतो.

जे गाडीत माल घेऊन फिरतात आणि जागेवरच बिल करतात, त्यांना हा त्रास नाही. गाडीतला साठा एकट्याच्याच ताब्यात असतो, त्यामुळे रेंज नसतानाही फोनमधला आकडा खरा राहतो. तफावत आलीच तर ती मोजण्यातली किंवा नोंद राहून गेल्याची असते. एकाच ॲपमध्ये गाडीचा साठा आणि गोदामाचा साठा दोन्ही दिसत असतील, तर दोन्हींचा भरवसा सारखा नाही, हे नव्या प्रतिनिधीला पहिल्याच दिवशी सांगा.

## मग ग्राहकाला ऑर्डर झाली असं सांगायचं की नाही?

"नोंदवली आहे, पक्की झाल्यावर कळवतो" असं सांगा. ॲपमध्येही या अवस्था वेगवेगळ्या शब्दांत दिसायला हव्यात: फोनमध्ये नोंदली, सर्व्हरवर पोचली, पक्की झाली. हिरवी खूण फक्त शेवटच्या अवस्थेला. काही ॲप फोनमध्ये जतन होताच हिरवी खूण दाखवतात, आणि मग प्रतिनिधीला दोष देण्यात अर्थ नसतो.

ग्राहकाला दिलेल्या पावतीवर जो क्रमांक असतो, तोही त्या वेळी तात्पुरताच असतो. खरा ऑर्डर क्रमांक सर्व्हर देतो, कारण तो सलग असावा लागतो आणि दहा फोन एकमेकांना न विचारता सलग क्रमांक देऊ शकत नाहीत. तात्पुरता क्रमांक नंतरही शोधता आला पाहिजे. ग्राहक आठवड्याने फोन करून तोच क्रमांक सांगणार आहे.

## एकच ऑर्डर दोनदा गेली. मी तर बटण एकदाच दाबलं!

तुम्ही खरंच एकदाच दाबलं असेल. असं होतं: ॲपने ऑर्डर पाठवली, सर्व्हरने ती नोंदवली आणि "मिळाली" असं उत्तर धाडलं, नेमकी तेव्हाच रेंज गेली. उत्तर फोनपर्यंत आलंच नाही. फोनला वाटतं ऑर्डर पोचली नाही, म्हणून तो ती पुन्हा पाठवतो. ऑर्डर पोचली नाही, की पोचल्याचं उत्तर हरवलं, हे फोनला ओळखता येत नाही.

उपाय वरच्या नोंदीतल्या `order_uuid` मध्ये आहे. ऑर्डर तयार होताना फोन तिला एक लांबलचक ओळख देतो आणि कितीही वेळा पाठवली तरी ती ओळख बदलत नाही. सर्व्हरवर त्या ओळखीची ऑर्डर आधीच असेल, तर त्याने नवीन नोंद न करता जुनंच उत्तर परत द्यायचं असतं. दोनदा ऑर्डर जात असेल तर तीन शक्यता तपासा: ओळख दिलीच जात नाही, प्रत्येक प्रयत्नाला नवी दिली जाते, किंवा सर्व्हर ती बघत नाही. दोन्ही ऑर्डरींची ओळख शेजारी ठेवली की कळतं. ओळख एकच असेल तर चूक सर्व्हरची. वेगळी असेल, पण ग्राहक, माल, संख्या आणि फोनची वेळ हुबेहूब तीच असेल, तर चूक ॲपची. आणि वेळेत दोन-चार मिनिटांचं अंतर असेल, तर प्रतिनिधीने "गेली नाही वाटतं" म्हणून ऑर्डर नव्याने भरलेली असते. हे शेवटचं आम्हाला वरचेवर सापडतं.

## वाय-फाय जोडलेलं दिसतंय, तरी सिंक का होत नाही?

वाय-फायची खूण म्हणजे फोन राउटरपर्यंत पोचला, एवढंच. पुढे इंटरनेट असेलच असं नाही. सार्वजनिक वाय-फायवर आधी लॉगिनचं पान भरावं लागतं, तोवर काही जात नाही. ब्राउझरमध्ये एखादं पान उघडून बघा, लगेच कळेल.

दुसरं कारण बॅटरी वाचवण्याचं. अँड्रॉइडमध्ये ६.० आवृत्तीपासून, म्हणजे २०१५ पासून, पडून राहिलेल्या फोनवर मागे चालणारी कामं थांबवून ठेवली जातात. ठरावीक वेळाने आपोआप चालणारं काम अँड्रॉइडची नेहमीची व्यवस्था १५ मिनिटांपेक्षा कमी अंतराने चालवत नाही, आणि पुष्कळ वेळा त्याहून उशीर होतो. आयफोनवर ती वेळ फोनच ठरवतो. फोन खिशात असताना सिंक होईल, या भरवशावर राहू नका. रेंजमध्ये आलात की ॲप उघडा, सिंक दाबा आणि "पाठवायच्या ऑर्डरी: ०" दिसेपर्यंत स्क्रीन बंद करू नका.

## एक ऑर्डर अडकली आणि मागच्या सगळ्या थांबल्या. असं का?

रांग लावण्याच्या पद्धतीमुळे. काही गोष्टींना क्रम लागतोच. रेंज नसताना तुम्ही नवा ग्राहक भरला आणि लगेच त्याची ऑर्डर घेतली, तर ग्राहक आधी पोचायला हवा, नाहीतर सर्व्हर विचारणार, हा कोण? नव्या ग्राहकाची नोंद एखादा रकाना रिकामा राहिल्याने नाकारली गेली, तर त्याची ऑर्डर थांबणं योग्यच आहे. पण बाकी वीस ग्राहकांच्या ऑर्डरी त्याच्यामागे ताटकळत राहणं ही ॲपची चूक आहे. नाकारलेली नोंद कारणासकट बाजूला ठेवून रांग पुढे सरकली पाहिजे.

फोटोंचंही तेच. दुकानातल्या मांडणीचे फोटो ऑर्डरीच्या आधी रांगेत असतील, तर कमजोर रेंजमध्ये काही केबींची ऑर्डर काही एमबींच्या फोटोमागे उभी राहते. आधी ऑर्डरी, मग फोटो. ॲपच्या सेटिंगमध्ये "फोटो फक्त वाय-फायवर" असा पर्याय असेल तर तो चालू ठेवा.

## मधल्या वेळात दर बदलला तर बिल कोणत्या दराने?

हे सॉफ्टवेअरने ठरवायचं नाही, कंपनीने ठरवायचं. ॲपने फक्त प्रतिनिधीने कोणता दर सांगितला आणि तो दरपत्रकाच्या कोणत्या आवृत्तीतला होता, हे नोंदवायचं. आमची शिफारस: दर वाढला असेल आणि ऑर्डर एक दिवसाच्या आतली असेल, तर सांगितलेला दर पाळा. त्याहून जुनी असेल तर ऑर्डर मंजुरीसाठी थांबवा. गुपचूप नवा दर लावू नका. ग्राहकाला तो बिलातच कळतो आणि पुढच्या भेटीत प्रतिनिधीचं कुणी ऐकत नाही.

उधारीच्या मर्यादेचंही असंच. फोनमधली बाकी सकाळची असते, दुपारी ग्राहकाने पैसे भरलेले असू शकतात किंवा दुसऱ्या मार्गाने माल उचललेला असू शकतो. रेंज नसताना मर्यादा ओलांडली तर ॲपने इशारा द्यावा, ऑर्डर घेऊ द्यावी आणि शेवटचा निर्णय सर्व्हरवर व्हावा.

## सिंक होत नाही. ॲप काढून पुन्हा टाकू का?

नका! पाठवायच्या ऑर्डरी फक्त तुमच्या फोनमध्ये आहेत. ॲप काढलं की त्या गेल्या, आणि सर्व्हरवर त्यांचा मागमूस नसल्यामुळे कोणीही त्या परत आणू शकत नाही. सेटिंगमधलं "डेटा पुसा" हेही तेच करतं. "कॅशे पुसा" सहसा निरुपद्रवी असतं, पण दोन्ही बटणं शेजारी असतात आणि घाईत बोट चुकतं, म्हणून तेही टाळा. फोनवरून तुम्हाला मदत करणारा माणूस "एकदा काढून टाकून बघा" म्हणाला, तर त्याला आधी विचारा की रांगेतल्या ऑर्डरींचं काय.

आधी पाठवायच्या ऑर्डरींच्या यादीचे स्क्रीनशॉट घ्या, प्रत्येक ऑर्डर उघडून. ॲपमध्ये "रांग फाइलमध्ये काढा" अशी सोय असेल तर ती वापरा. मग लॉगिनची मुदत संपली आहे का ते बघा. पुष्कळदा कारण तेच निघतं. पुन्हा लॉगिन करताना तोच वापरकर्ता हवा. लॉगआउट केल्यावर रांग पुसणारी ॲपही आहेत. चांगलं ॲप रांग रिकामी नसेल तर लॉगआउट करू देत नाही.

ॲपची नवी आवृत्ती टाकतानाही आधी रांग रिकामी करा. नव्या आवृत्तीत फोनमधल्या डेटाबेसची रचना बदलली असेल, तर जुन्या ऑर्डरी नव्या रचनेत नेण्याचं काम ॲपला करावं लागतं, आणि चुका नेमक्या तिथे होतात.

## फोन हरवला तर?

न पाठवलेल्या ऑर्डरी गेल्या असंच धरा आणि त्या दिवशीच्या ग्राहकांना फोन करा. ॲपमध्ये दिलेली भेटींची यादी सर्व्हरवर असते, तिचा उपयोग होतो. फोनमधला डेटाबेस सांकेतिक स्वरूपात ठेवलेला असेल आणि ॲपला वेगळा पिन असेल, तर दर आणि ग्राहकांची माहिती सहज कोणाच्या हाती लागत नाही. ऑर्डर विभागाने त्या फोनचं लॉगिन लगेच बंद करावं.

## ॲप घेण्याआधी हे सगळं तपासायचं कसं?

विक्रेत्याच्या सादरीकरणात वाय-फाय चांगलं असतं, तिथे काहीच कळत नाही. दोन फोन घ्या आणि वरचा दिवस जसाच्या तसा करून बघा. एक फोन विमान मोडवर टाका, त्यावर ४० आणि ३५ च्या ऑर्डरी "जेवढा आहे तेवढा" म्हणून घ्या, दुसऱ्यावर ६० ची. मग पहिल्याचं सिंक करा आणि तीन ठिकाणी बघा: फोनवर, ऑर्डर विभागाच्या स्क्रीनवर आणि गोदामाच्या यादीत. तिन्हीकडे ३० पक्के आणि ४५ बाकी दिसायला हवेत. साठा उणे ४५ झाला, तर ॲप ऑफलाइन ऑर्डरी न तपासताच पक्क्या करतंय.

मग सिंक चालू असताना अर्ध्यातच विमान मोड लावा, काढा, पुन्हा लावा. दहा-बारा वेळा करा, कारण उत्तर हरवण्याचा नेमका क्षण एका फटक्यात साधत नाही. शेवटी ऑर्डरी मोजा. एक जरी जास्त निघाली, तरी विक्रेत्याला `order_uuid` बद्दलचा प्रश्न तिथेच विचारा. त्यानंतर फोनचं घड्याळ दोन तास मागे करून एक ऑर्डर घ्या आणि तिला रांगेत पुढचा नंबर मिळतो का ते पाहा. हे सगळं करायला एक दुपार पुरते.